उलटी सशर्त संभाव्यता: झाडाच्या पहिल्या फांदीची पार्श्वभूमी

बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने तिला अडलेल्या गणिताचा फोटो मला पाठवला. चौकटींच्या वहीचे पान, त्यावर पेन्सिलीने काढलेला वृक्षालेख आणि पानाच्या उजव्या कडेवर पडलेली तिच्या हाताची सावली. गणित एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातले, पिढ्यांच्या परिचयाचे होते. लोकसंख्येतील ०.१ टक्के लोकांना एचआयव्हीची लागण आहे. लागण असलेल्यांपैकी ९० टक्के जणांची चाचणी पॉझिटिव्ह येते आणि लागण नसलेल्यांपैकीही १ टक्का लोकांची येते. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या एका व्यक्तीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तिला खरोखर लागण असण्याची संभाव्यता किती? पुस्तकातले उत्तर सुमारे ०.०८३ आहे, तिचे मात्र ०.००८९ येत होते.

झाड बरोबर काढलेले होते. पहिल्या टप्प्यात ०.००१ आणि ०.९९९ अशा दोन फांद्या, ‘लागण आहे’ या टोकापासून ०.९ आणि ०.१, तर ‘लागण नाही’ या टोकापासून ०.०१ आणि ०.९९. फांद्यांवरचे आकडे गुणून शेवटी जी चार पाने मिळतात, ती अशी: ०.०००९, ०.०००१, ०.००९९९ आणि ०.९८९०१. पॉझिटिव्ह निकालाची पाने दोनच, पहिले आणि तिसरे. त्यांची बेरीज ०.०१०८९. या बेरजेत पहिल्या पानाचा वाटा किती, हेच उत्तर. ०.०००९ ला ०.०१०८९ ने भागले की ०.०८३ मिळतात.

तिने तिसऱ्या पानावर ०.०९९९ लिहिले होते, दशांश चिन्हानंतरचे एक शून्य सुटले होते. फोटोत नेमकी तिथेच सावली असल्यामुळे मलाही ते पटकन दिसले नाही; दिसले ते बेरीज केल्यावर. एका टोकातून निघणाऱ्या फांद्यांची बेरीज १ यायला हवी आणि सगळ्या पानांची मिळूनही १ च यायला हवी. तिच्या चार पानांची बेरीज १.०८९९१ होत होती. दुसऱ्या कुणी काढलेल्या झाडाचा फोटो वाचताना ही पडताळणी आणखी एका कारणाने उपयोगी पडते. काही जण फांदीवर सशर्त संभाव्यता लिहिण्याऐवजी थेट गुणाकार लिहितात आणि मग ०.००९९९ ला पुन्हा ०.९९९ ने गुणले जाते. दुसऱ्या टप्प्यातल्या चारही आकड्यांची बेरीज २ आली तर ते फांद्यांचे आकडे, १ आली तर पानांचे.

तिचे चुकलेले उत्तर मी अपूर्णांकात मांडले, तेव्हा ते बरोबर ९/१००८ आले, आणि हा अपूर्णांक माझ्या ओळखीचा होता. फ्रेंच गणितज्ञ पिएर-सिमाँ लाप्लास यांनी संभाव्यतेवर १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तात्त्विक निबंधात तो आहे. तिथे चाचणी नाही, साक्षीदार आहे. एका कलशात ९९९ काळे चेंडू आणि १ पांढरा चेंडू आहे. दहांतून एकदा खोटे बोलणारा साक्षीदार सांगतो की काढलेला चेंडू पांढरा होता. तो खरे बोलत असण्याची संभाव्यता लाप्लास यांनी ९/१००८ काढली. झाड तेच: पहिल्या फांदीवर हजारात एक, दुसऱ्या फांदीवर ०.९. फरक इतकाच की त्या साक्षीदाराची चूक दहात एक होती, तर आपल्या चाचणीची शंभरात एक आहे. एक शून्य सुटल्याने मुलीने नकळत चाचणीच्या जागी लाप्लास यांचा साक्षीदार उभा केला होता.

निकालावरून मागे कारणाकडे जाण्याच्या या उलट्या वाटेचा आरंभ त्याही आधीचा आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेझ १७६१ मध्ये वारले आणि त्यांच्या कागदांत सापडलेला निबंध त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आणला. घटना किती वेळा घडली आणि किती वेळा घडली नाही एवढेच ठाऊक असताना तिच्या अज्ञात संभाव्यतेविषयी काय म्हणता येईल, हा त्यातला प्रश्न होता. आज बेझ यांच्या नावाने शिकवले जाणारे, चाचणी आणि आजार यांचे सूत्र त्या रूपात तिथे नाही. लाप्लास यांनी १७७४ मध्ये परिणामावरून कारणाकडे जाण्याचे तत्त्व मांडले, तेव्हा सर्व कारणे सारखीच संभाव्य धरली होती. झाडाच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या टप्प्यातल्या फांद्यांवर समान आकडे होते, म्हणून ते भागाकारात उडून जात. कारणे असमान असतील तर प्रत्येक कारणाच्या स्वतःच्या संभाव्यतेने गुणले पाहिजे, हे १८१४ च्या निबंधात स्पष्ट नियम म्हणून येते, आणि साक्षीदाराच्या उदाहरणात त्याचा परिणाम डोळ्यांत भरतो. मला या इतिहासातले हेच वळण सर्वांत मोलाचे वाटते, कारण पहिल्या फांदीवरचा आकडा विसरणे म्हणजे नकळत १७७४ च्या गृहीतकाकडे परत जाणे होय. एचआयव्हीच्या उदाहरणात तसे केले तर ०.९ ला ०.९१ ने भागून उत्तर जवळपास ०.९९ येते.

साक्षीदाराची जागा वैद्यकीय चाचणीने घेतली ती विसाव्या शतकात. जेकब येरुशल्मी यांनी १९४७ मध्ये क्ष-किरण चित्रांवरून होणाऱ्या निदानाच्या चुका मोजताना संवेदनशीलता आणि विशिष्टता हे दोन आकडे वेगळे केले. आपल्या झाडात ते दुसऱ्या टप्प्यातले, लागण असलेल्यांना पॉझिटिव्ह ठरवण्याचे ०.९ आणि लागण नसलेल्यांना निगेटिव्ह ठरवण्याचे ०.९९ होत. हे आकडे चाचणीबद्दल सांगतात, चाचणी करून घेणाऱ्या माणसाबद्दल नाही, आणि गल्लत इथेच होते. १९७८ मध्ये कॅसेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांना विचारले की आजार हजारात एकाला असेल आणि चाचणी निरोग्यांपैकी ५ टक्के लोकांना चुकून पॉझिटिव्ह ठरवत असेल, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती. उत्तर सुमारे २ टक्के आहे. ते ११ जणांनी दिले, तर २७ जणांनी ९५ टक्के सांगितले. त्यांनी दुसऱ्या टप्प्यातल्या फांदीचा आकडाच उलट दिशेने वाचला होता.

ही गल्लत टाळण्यासाठी १९९५ मध्ये गेर्ड गिगरेंझर आणि उलरिख हॉफ्रागे यांनी टक्क्यांऐवजी माणसे मोजण्याची मांडणी अभ्यासली, आणि तशा मांडणीत बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढते असे त्यांना आढळले. मुलीलाही मी तेच झाड एक लाख माणसांवर काढायला सांगितले. लागण १०० जणांना, त्यांतले ९० पॉझिटिव्ह. लागण नसलेले ९९,९००, त्यांतले ९९९ पॉझिटिव्ह. एकूण १,०८९ पॉझिटिव्ह व्यक्तींपैकी खरी लागण ९० जणांना. इथे ना दशांश चिन्ह, ना सुटणारे शून्य.

तिचा पुढचा प्रश्न होता, मग अशा चाचणीवर विसंबायचे कसे? पुस्तकातले आकडे गणितापुरते आहेत आणि पहिली फांदी यादृच्छिक निवडीची आहे. लक्षणे दिसल्यामुळे किंवा जोखीम असल्यामुळे तपासणीला आलेल्यांसाठी ०.००१ हा आकडा लागूच होत नाही. शिवाय एकाच पॉझिटिव्ह निकालावर निदान ठरवले जात नाही. भारतात लक्षणे नसलेल्या व्यक्तीत लागण निश्चित करण्यासाठी वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन चाचण्या वापरल्या जातात. दुसऱ्या चाचणीसाठी नवे झाड काढले तर त्याच्या पहिल्या फांदीवर ०.००१ नव्हे, ०.०८३ येतात. दुसरी चाचणी तितकीच अचूक आणि पहिलीपासून स्वतंत्र धरली, तर तीही पॉझिटिव्ह आल्यावर संभाव्यता सुमारे ०.८९ होते. स्वतंत्र हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. तेच किट पुन्हा वापरले आणि पहिला चुकीचा निकाल त्या व्यक्तीच्या रक्तातील एखाद्या घटकामुळे आलेला असला, तर दुसऱ्यांदाही तीच चूक होण्याची शक्यता मोठी असते, आणि तेव्हा नव्या झाडावर ‘लागण नाही, तरी पॉझिटिव्ह’ या फांदीला ०.०१ लिहिता येत नाही.