व्ही, डी, जे जुळतात डीएनएत. सी जुळतो आरएनएत

एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारते: "अँटीबॉडीच्या लाइट चेनमध्ये जे तुकडा सी तुकड्याला नेमका कुठे जोडला जातो?" उत्तर बहुतेक वेळा ठामपणे येतं: "मॅडम, डीएनएत. रॅग एन्झाइम जोडतं." हे चूक आहे. मुलांना मी दोष देत नाही, कारण पुण्यात कुठल्याही क्लासच्या नोट्स उघडा, व्ही, जे आणि सी हे रेल्वेच्या डब्यांसारखे एकमेकांना चिकटवलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं ‘रिअरेंज झालेला डीएनए’. ती आकृती खोडायला हवी.

स्प्लायसिंग तुम्हाला येतं, म्हणून त्यावर फार थांबत नाही. जीनची आधी आरएनए नक्कल होते, नकलेतले इंट्रॉन कापले जातात आणि एक्झॉन जुळतात. मूळ डीएनए जसाच्या तसा राहतो. हे शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत चालू असतं.

व्हीडीजे रिअरेंजमेंट, म्हणजे जीनचे हे तुकडे डीएनएतच जुळणं, मात्र फक्त वाढीच्या टप्प्यावरच्या लिम्फोसाइटमध्ये होते. बी पेशींच्या बाबतीत ती अस्थिमज्जेत होते. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं मिळून डीएनएचे दोन्ही धागे तोडतात, आणि दुरुस्तीची यंत्रणा निवडलेली टोकं जोडते. मधला भाग बहुधा वर्तुळ होऊन बाहेर पडतो. माणसाच्या कप्पा चेनमध्ये काही वेळा तो उलटा होऊन तिथेच बसतो. काहीही झालं तरी त्या पेशीचा आणि तिच्या सगळ्या वंशजांचा डीएनए कायमचा बदललेला असतो.

इथवर कुणी अडखळत नाही. अडखळतात ते पुढे: एकाच चेनच्या जीनवर या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ होतात.

माणसाच्या कप्पा लाइट चेनमध्ये पाच जे तुकडे एका ओळीत असतात आणि त्यांच्या पुढे बरंच अंतर सोडून एकच सी असतो. एखाद्या पेशीत एक व्ही जाऊन जे-२ ला चिकटला असं धरा. मग जे-३, जे-४, जे-५ यांचं काय झालं? हा प्रश्न स्वतःला विचारला की गोंधळ आपोआप सुटतो. ते तिथेच आहेत, डीएनएत, जे-२ आणि सी यांच्या मध्ये. पेशी सगळ्याची मिळून लांब आरएनए नक्कल करते आणि जे-२ च्या शेवटापासून सी च्या सुरुवातीपर्यंतचा भाग, उरलेल्या तिन्ही जे सकट, इंट्रॉन म्हणून कापून टाकते. जे आणि सी शेजारी येतात ते इथे, आरएनएत.

हा इंट्रॉन डीएनएत राहणं गरजेचंही आहे. जीन जोरात चालवणारा एक एन्हान्सर त्यातच बसलेला असतो. व्ही जे ला जुळला की त्या व्ही चा प्रमोटर एन्हान्सरच्या जवळ येतो.

या गैरसमजाचं मूळ मला एका सुंदर प्रयोगाच्या अर्धवट वाचनात दिसतं. १९७६ मध्ये बाझेलला होझुमी आणि टोनेगावा यांनी उंदराच्या भ्रूणाचा आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या गाठीचा डीएनए एकाच एन्झाइमनं कापला. भ्रूणात व्ही आणि सी दोन वेगळ्या तुकड्यांत सापडले, गाठीत दोन्ही एकाच तुकड्यात. टोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं. पण ‘एकाच तुकड्यात’ म्हणजे ‘एकमेकांना चिकटून’ नव्हे. पुढे जीन क्लोन करून पाहिल्यावर मधला इंट्रॉन स्पष्ट दिसला.

याचा फटका प्रयोगशाळेत बसतो. माझ्या एका विद्यार्थिनीला उंदराच्या हायब्रिडोमामधून कप्पा चेनचा व्हेरिएबल भाग वाचायचा होता. एक प्रायमर व्ही च्या सुरुवातीचा, दुसरा सी मधला, आणि साचा म्हणून तिनं घेतला पेशींचा डीएनए. अपेक्षा सुमारे चारशे बेसच्या बँडची. तीन वेळा जेल कोरं आलं. "मॅडम, डीएनए तर एकदम स्वच्छ आहे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. डीएनए खरंच स्वच्छ होता, पण प्रायमरांच्या मध्ये जे–सी इंट्रॉन होता, अडीच ते चार हजार बेसचा, आणि तिनं लांबी वाढायला दिले होते तीस सेकंद. त्याच पेशींचा आरएनए काढून सीडीएनए बनवला, आणि त्याच प्रायमरांनी बँड बरोबर जागी आला. डीएनएवरच काम करायचं तर दुसरा प्रायमर जे मध्ये ठेवा. लिम्फोमाच्या क्लोनॅलिटी तपासणीत हेच करतात. स्नायूच्या डीएनएत व्ही आणि जे इतके दूर असतात की काहीच मिळत नाही; बी पेशींची गाठ असेल तर एकच ठसठशीत बँड दिसतो.

दुसरा फरक अचूकतेचा, आणि तो मला जास्त आवडतो. स्प्लायसिंगमध्ये एका बेसची चूक झाली तरी प्रथिन बिघडतं. व्हीडीजे जोडणीत मात्र टोकं कुरतडली जातात आणि टीडीटी नावाचं एन्झाइम साच्याशिवाय मनानं बेस घालतं. हेवी चेनचा एक सांधा पाहा. मी तो समजावण्यासाठी जुळवला आहे:

```
V          N   D             N  J
TGTGCGAGA  TC  AGCAGCAGCTGG  C  TTTGACTACTGG
```

एकूण ३६ बेस, १२ अमिनो आम्लं: सुरुवातीला सिस्टीन, शेवटी ट्रिप्टोफॅन. आता दुसऱ्या N मधला एकुलता एक C काढा. जे ची वाचनचौकट सरकते, ट्रिप्टोफॅन जातो आणि पुढचा सगळा सी भाग चुकीचा वाचला जातो. तीनपैकी साधारण दोन सांधे असेच फुकट जातात. पेशी मग दुसऱ्या गुणसूत्रावर प्रयत्न करते. एवढी नासाडी परवडते, कारण हाच सांधा म्हणजे अँटीजेनला भिडणारा तिसरा पाश, सीडीआर-३. पहिले दोन पाश व्ही तुकड्यात आयतेच लिहिलेले असतात. म्हणून ‘व्ही तुकडा’ आणि ‘व्हेरिएबल डोमेन’ हे शब्द अदलाबदलीनं वापरले की मी गुण कापते: हेवी चेनचं ते डोमेन व्ही, डी, जे तिघांचं मिळून होतं. ‘जे चेन’ तर तिसरंच प्रथिन, आयजीएमचा पंचक बांधणारं; जे तुकड्याशी तिचं नावापलीकडे काही नातं नाही.

बदल डीएनएत की आरएनएत, हाच निकष पुढेही लावा. एकच बी पेशी आयजीएम आणि आयजीडी दोन्ही एकाच वेळी पृष्ठभागावर दाखवते, कारण एकाच लांब आरएनएचं दोन प्रकारे स्प्लायसिंग होतं. आयजीएमवरून आयजीजीवर जाताना मात्र पुन्हा डीएनए कापला जातो, यावेळी रॅगशिवाय, एड नावाच्या एन्झाइमच्या सुरुवातीनं. अशी पेशी परत आयजीएमकडे वळत नाही. त्या गुणसूत्रावर आयजीएमचे एक्झॉन उरलेलेच नसतात.