सुराची रेघ कुठून आली: ऑटोसेगमेंटल आकृत्यांची पार्श्वभूमी

सूर-भाषांच्या पाठ्यपुस्तकात शब्दाच्या वर H आणि L अशी चिन्हं असतात आणि त्यांच्यापासून खालच्या अक्षरांकडे रेघा आलेल्या दिसतात. H म्हणजे उच्च सूर, L म्हणजे नीच. (मराठीत ‘स्वर’ म्हटलं की अ, आ, इ डोळ्यांसमोर येतात, म्हणून इथे टोनसाठी ‘सूर’ हाच शब्द वापरतो.) विद्यार्थी या रेघांना बहुधा फक्त मांडणीची सोय समजतात. पण १९७० च्या दशकात वाद झाला तो नेमका या रेघांवरूनच.

त्याआधीचं चित्र असं. चॉम्स्की आणि हॅले यांच्या १९६८ च्या ग्रंथात शब्द म्हणजे ध्वनींची एकच रांग होती आणि प्रत्येक ध्वनीजवळ त्याच्या गुणांची यादी. ओष्ठ्य आहे का, घोष आहे का, तसाच सूरही त्या स्वरवर्णाचा एक गुण. मग एकाच स्वरवर्णावर सूर उतरत असेल तर काय लिहायचं? विल्यम वँग यांनी १९६७ मध्ये चढता, उतरता, आणि आधी चढून मग उतरणारा ‘बहिर्वक्र’ असे वेगळे गुणच सुचवले. चिनी भाषांची वर्णनं त्यातून नीट होत. मात्र उतरता सूर हा उच्च आणि नीच या दोन तुकड्यांचा बनला आहे, हे त्या लेखनात कुठेच दिसत नसे. आपल्याकडे ही दृष्टी जुनी आहे. पाणिनीने स्वरिताला उदात्त आणि अनुदात्त यांचा समाहार म्हटलं आणि त्यातला पहिला अर्ध्या मात्रेचा भाग उदात्त, असंही सांगून ठेवलं.

कोंडी फुटली ती पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांमुळे. एडविन विल्यम्स यांनी १९७१ च्या सुमारास नायजेरियातल्या मार्गी आणि इग्बो भाषांसाठी सूर शब्दापासून वेगळा काढून मांडला. विल्यम लेबेन यांनी १९७३ च्या एमआयटीतल्या प्रबंधात सिएरा लिओनमधली मेंडे भाषा घेतली. त्यांचं निरीक्षण साधं, पण दूरवर जाणारं होतं. मेंडेतला शब्द एका अक्षराचा असो की तीन अक्षरांचा, त्याची सुरावट बहुतेक वेळा पाचांपैकी एक असते: H, L, HL, LH किंवा LHL. उदाहरणार्थ, HL ही सुरावट घ्या. ‘म्बू’ (घुबड) या एकाच अक्षरावर सूर उतरतो. ‘ङ्गिला’ (कुत्रा) मध्ये पहिलं अक्षर उच्च, दुसरं नीच. ‘फेलामा’ (तिठा) मध्ये पहिलं उच्च आणि पुढची दोन्ही नीच. प्रत्येक स्वरवर्ण आपापला सूर स्वतंत्रपणे निवडत असता, तर तीन अक्षरांच्या शब्दांत कितीतरी जास्त प्रकार सापडायला हवे होते.

म्हणजे सुरावट ही शब्दाची वेगळी मालमत्ता, आणि ती अक्षरांवर डावीकडून उजवीकडे वाटली जाते. पहिला सूर पहिल्या अक्षराला, दुसरा दुसऱ्याला. सूर उरले तर शेवटच्या अक्षरावर गोळा होतात, अक्षरं उरली तर शेवटचा सूर पसरतो.

‘न्याहा’ (बाई) या शब्दात हे हाताने करून बघू. सुरावट LHL, अक्षरं दोन. L गेला ‘न्या’ला, H गेला ‘हा’ला, आणि उरलेल्या L ला जागा नसल्याने तोही ‘हा’वरच बसला:

```
L     H   L
|     |  /
nya   ha
```

म्हणून उच्चारात ‘हा’चा सूर उतरतो. आता याला ‘वर’ या अर्थाचा ‘मा’ हा प्रत्यय जोडा. त्याला स्वतःचा सूर नाही:

```
L     H     L
|     |     |
nya   ha    ma
```

‘हा’ आता नुसता उच्च राहतो आणि उतार नाहीसा होतो. तो लोपला नाही, त्यातला L हा तुकडा पुढे सरकून ‘मा’वर बसला. ‘उतरता’ हा एकसंध गुण मानला तर इथे दोन नियम लागतील: एक उतार काढणारा, दुसरा ‘मा’ला नीच करणारा. दोन्ही नेमके एकत्रच का घडतात, याचं उत्तर मग मिळत नाही. आकृतीत मात्र वाटणी फक्त नव्याने होते.

पण लेबेन यांच्या मांडणीत सुरावट फक्त सुरुवातीपुरती वेगळी होती. वाटणी झाली की सूर पुन्हा त्या त्या अक्षराचा गुण बनत असे. जॉन गोल्डस्मिथ यांनी १९७६ च्या प्रबंधात पुढचं पाऊल टाकलं: सूर आणि अक्षरं हे दोन थर शेवटपर्यंत वेगळेच राहतात आणि त्यांच्यातलं नातं सांगते ती रेघ. ‘ऑटोसेगमेंटल’ हे नाव त्यांचंच. त्यांच्या अटी थोड्या होत्या. प्रत्येक स्वरवर्णाला किमान एक सूर हवा, प्रत्येक सुराला किमान एक स्वरवर्ण हवा, आणि रेघा एकमेकींना छेदता कामा नयेत. शेवटची अट सर्वांत टिकाऊ ठरली, कारण तिच्यामुळे सूर शेजारच्या सुरावरून उडी मारून पलीकडे पसरू शकत नाही. लेखनाचे संकेतही रुळले: सलग रेघ म्हणजे आधीपासूनचं नातं, तुटक रेघ म्हणजे नियमाने नव्याने जोडलेलं, आणि रेघेवर काट मारली की नातं तोडलं.

यातून पसरण्याचा अर्थच बदलला. ‘पेले’ (घर) ची दोन्ही अक्षरं उच्च आहेत. इथे H ची नक्कल होत नाही, एकाच H ला दोन रेघा असतात. विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. उच्चार ऐकून ते दोन H लिहितात आणि प्रत्येकाला एक रेघ देतात. उच्चारात फरक काहीच नाही, मग बरोबर काय ते कसं ठरवायचं? त्या सुरावर एखादा नियम चालवून बघायचा. झिम्बाब्वेतल्या शोना भाषेचं डेव्हिड ऑडन यांनी दाखवलेलं उदाहरण यासाठी उत्तम आहे. तिथे ‘सह’ या अर्थाचा उच्च सुराचा ‘ने’ पुढे लागला की नामाच्या सुरुवातीचा H नीच होतो. ‘म्ब्वा’ (कुत्रा) चं एक अक्षर नीच होतं. ‘होवे’ (मासा) ची दोन्ही होतात. ‘म्बुन्दुद्झी’ (लष्करी अळ्या) या शब्दात तर तिन्ही एकदम खाली येतात:

```
H      H             H      L
|     /|\            |     /|\
ne  mbu ndu dzi  →   ne  mbu ndu dzi
```

तीन वेगळे H असते तर ‘ने’ला लागून असलेला पहिलाच बदलला असता. तिन्ही एकत्र बदलतात, कारण बदलायला सूर एकच आहे. शेजारी-शेजारी सारखे सूर नसावेत ही लेबेन यांच्या कामातून आलेली कल्पना अशा पुराव्याने बळकट झाली. मात्र ऑडन यांनीच १९८६ मध्ये दाखवलं की ती सगळ्या भाषांत पाळली जात नाही. म्हणून प्रत्येक भाषेत ही चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

गोल्डस्मिथ यांच्या अटींनाही पुढे मुरड पडली. डग्लस पुलीब्लँक यांनी १९८६ मध्ये मांडलं की सूर आपोआप पसरत नाही. पसरण्याचा नियम त्या भाषेत असला तरच तो पसरतो, नाहीतर मोकळ्या राहिलेल्या अक्षराला शेवटी ठरलेला सूर, बहुधा L, मिळतो. तेव्हापासून पसरण्याची तुटक रेघ काढणाऱ्याला ती कोणत्या नियमाने आली हे सांगावं लागतं. डावीकडून वाटणीही सार्वत्रिक नाही. क्लेमेंट्स आणि फोर्ड यांनी १९७९ मध्ये दाखवलं की केनियातल्या किकुयू भाषेत पहिला सूर दुसऱ्या अक्षराला जोडला जातो.

आणि खुद्द मेंडेतही सगळं जमत नाही. ‘न्डावुला’ (गोफण) LHH आहे, नियमाप्रमाणेच. पण ‘लेलेमा’ (खंडोबाचा किडा) हा शब्द LLH आहे. LH ही सुरावट डावीकडून वाटली तर मधलं अक्षर उच्च यायला हवं. ते नीच आहे, म्हणून या शब्दात L ला दोन रेघा द्याव्या लागतात, आणि त्या का, हे वाटणीचा नियम सांगत नाही.