के-फॅक्टर सरसकट ०.५ धरायचा का?

"पत्र्याचा न्यूट्रल अक्ष जाडीच्या मधोमध असतो ना? मग के-फॅक्टर कायम ०.५ धरला तर काय बिघडलं?"

न्यूट्रल अक्ष म्हणजे वाकवताना ना ताणला ना दाबला जाणारा थर, आणि के-फॅक्टर म्हणजे आतल्या पृष्ठभागापासून त्याचं अंतर भागिले जाडी. मधोमध तो सपाट पत्र्यात असतो. बेंड मारताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, बेंडपाशी पत्रा थोडा पातळही होतो आणि अक्ष आत सरकतो. आतली त्रिज्या जितकी लहान तितका जास्त. रोलिंगसारख्या मोठ्या त्रिज्येला मात्र ०.५ चालतो.

२ मिमी एमएस पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी, ९० अंशांचा एल, बाहेरून ५० आणि ३० मिमी. त्रिज्या आणि जाडी मिळून ४ वजा केले की सपाट भाग ४६ आणि २६. बेंड अलाउन्स म्हणजे वळणात जाणारी लांबी; R आतली त्रिज्या, T जाडी, K के-फॅक्टर:

```
BA = (π/2) × (R + K×T)
```

०.५ धरून ४.७१ येतो, म्हणजे कापायचा सपाट तुकडा, ब्लँक, ७६.७१. ०.४३ धरून ४.४९, ब्लँक ७६.४९. एका बेंडला ०.२२ मिमी किरकोळ वाटतं, पण चार बेंडच्या पेटीत जवळपास ०.९ मिमी चढतो आणि झाकण बसत नाही.

हा ०.४३ मी तक्त्यातून उचललेला नाही. त्याच पत्र्याची मोजून १०० मिमी पट्टी कापली, त्याच व्ही-डायवर वाकवली. व्हर्नियरने बाहेरून ६१.८ आणि ४१.७ आले. प्रत्येकातून ४ वजा केले की सपाट भाग ९५.५, म्हणजे अलाउन्स ४.५. उलटं गणित केलं की के ०.४३.

डाय बदलली की पट्टी पुन्हा वाका. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना, आतली त्रिज्या मुख्यतः व्हीच्या रुंदीवर ठरते.