आयर्विन पुलाचा आलेख आणि एकतीस रेघा : एका अभिप्रायाची पार्श्वभूमी

सांगलीत आम्ही काही जण पूररेषेतल्या गावांसाठी एक माहितीपुस्तिका तयार करतो आहोत. तिच्यासाठी आमच्या एका तरुण सहकाऱ्याने ऑगस्ट २०१९ चा आलेख करून आणला. १ ते १५ ऑगस्टपर्यंत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी रोज किती फुटांवर होतं, एवढंच त्यात दाखवायचं होतं. मी त्याला पानभर अभिप्राय लिहून दिला. तो वाचून त्याने विचारलं, "हे सगळं एक्सेलमध्येच तयार मिळतं. मग ते चूक कसं?" प्रश्न रास्त होता. मी काय काढायला सांगितलं ते अभिप्रायात होतं, पण ते आलेखात मुळात आलं कुठून ते नव्हतं. हे टिपण त्यासाठी.

आधी कच्चा आलेख कसा होता ते सांगते. पंधरा दिवसांचे पंधरा थ्रीडी स्तंभ आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. ० ते ६० फुटांची मोजपट्टी, तिच्यावर दर दोन फुटांनी एक अशा तळाच्या रेघेसह एकतीस आडव्या रेघा. दोन दिवसांच्या मध्ये एकेक उभी रेघ. स्तंभांना सावली, पाठीमागे पुलाचा फोटो फिकट करून लावलेला, आणि बाजूला पंधरा रंगांची यादी: १ ऑगस्ट जांभळा, २ ऑगस्ट पोपटी, असं खालपर्यंत.

आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. सांगलीतल्या लहान पोरालाही हे दोन आकडे माहीत असतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणजे वाचणारा या आलेखात पहिल्यांदा शोधणार ती ४५ ची रेघ. या आलेखात ती नव्हतीच. दर दोन फुटांनी रेघ मारली की ४४ येते, ४६ येते, ४५ येत नाही. ४० ची रेघ होती, पण बाकीच्या तीस रेघांसारखीच, त्यामुळे ती असून नसल्यासारखी. एकतीस रेघा मारूनही लागणाऱ्या दोन रेघा दिसत नव्हत्या. माझा सगळा अभिप्राय या एका गोष्टीभोवती होता.

आता रेघांची गोष्ट. व्यापाराचे आकडे रेघांनी आणि स्तंभांनी दाखवायची पद्धत विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने रूढ केली. तो काही वर्षं जेम्स वॉटकडे आरेखनाचं काम करत होता. १७८६ मध्ये त्याने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख पुस्तकरूपात छापले. ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आणि नंतर हाताने रंगवलेले होते. सुरुवातीच्या आलेखांत रेघांची जाळी दाट आहे. ते समजण्यासारखं आहे, कारण वाचकाने असं काही पूर्वी पाहिलंच नव्हतं. अमुक उंची म्हणजे अमुक पौंड हे पटवायचं तर बोट ठेवून मोजता येईल अशी जाळी हवीच होती. पुढच्या आलेखांत त्यानेच ती विरळ केली.

रंगाचंही तसंच. आयातीची एक रेघ, निर्यातीची एक, आणि त्या दोन रेघांमधल्या जागेत रंग: व्यापार फायद्यात असेल तेव्हा एक, तोट्यात असेल तेव्हा दुसरा. प्रत्येक प्रत माणसाने कुंचल्याने रंगवायची, म्हणजे प्रत्येक रंगाला मजुरी पडायची. फुकट रंग नव्हताच, म्हणून बिनकामाचा रंगही नव्हता. त्याच पुस्तकात स्तंभालेख एकच आहे, स्कॉटलंडचा. तिथले वर्षावर्षांचे आकडे त्याला मिळाले नाहीत, एकाच वर्षाचे मिळाले, म्हणून नाइलाजाने त्याने देशागणिक स्तंभ काढले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काळानुसार बदलणारी गोष्ट असेल तिथे रेघ, काळच हाताशी नसेल तिथे स्तंभ, ही निवड पहिल्याच माणसाने आकड्यांकडे बघून केली होती. नदीची पातळी रोजच्या रोज चढते-उतरते. तिला पंधरा सुटे खांब नकोत, एक रेघ हवी.

मग दाट जाळी परत कशी आली? एक कारण आपण सगळ्यांनी शाळेत हाताळलं आहे: आलेख कागद. छापील चौकटीच्या कागदावर बिंदू मांडायचे तर बारीक जाळी लागतेच. ती काढणाऱ्याची सोय होती. पण काढलेला कागद जसाच्या तसा वाचणाऱ्याच्या हातात जाऊ लागला, तेव्हा ती सोय वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊन बसली. १९१५ मध्ये अमेरिकेत विलार्ड ब्रिंटन याच्या अध्यक्षतेखाली अभियंते आणि संख्याशास्त्रज्ञांच्या एका संयुक्त समितीने आलेखांसाठी नियम काढले. त्यातले दोन थेट याबद्दल आहेत. नजरेला वाट दाखवायला लागतील त्याहून जास्त रेघा नकोत, आणि आकड्यांची रेघ जाळीच्या रेघांपासून ठळकपणे वेगळी दिसली पाहिजे. मी अभिप्रायात लिहिलेलं वाक्य, "मोजपट्टीच्या रेघा फिकट राखाडी, पाण्याची रेघ गडद", हे त्या दुसऱ्या नियमाचंच मराठी आहे. शंभर वर्षं उलटून गेली तरी तो पुन्हा लिहावा लागतो.

कारण मध्ये संगणक आला. आकडे निवडून दोन-तीन क्लिक केले की आलेख तयार. पण त्या क्लिकमधून काय यायचं ते सॉफ्टवेअरवाल्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं. एक्सेल २००३ मध्ये आपोआप येणारा स्तंभालेख ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल: मागे राखाडी पट्टा, त्यावर काळ्या आडव्या रेघा, भोवती चौकट. २००७ च्या आवृत्तीत राखाडी पट्टा गेला, पण सावल्या, चकाकी आणि कडांना उठाव देणारे इफेक्ट हाताशी आले. रंगाची मजुरी शून्य झाली आणि जाळी काढण्यापेक्षा ठेवणं सोपं झालं. आमच्या सहकाऱ्याने पंधरा रंग निवडलेच नव्हते. 'प्रत्येक बिंदूला वेगळा रंग' या एका खुणेने ते आले होते.

या सगळ्यात थ्रीडी मला सगळ्यात घातक वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. थ्रीडी आलेखात मोजपट्टीच्या रेघा मागच्या भिंतीवर असतात आणि स्तंभ त्या भिंतीपासून थोडा पुढे उभा असतो. आपण वरून तिरकं बघतो, त्यामुळे पुढच्या स्तंभाचा माथा मागच्या भिंतीवर खऱ्यापेक्षा खाली टेकल्यासारखा दिसतो. समजा एका दिवशी पातळी ४६ फूट आहे. कागदावर तो स्तंभ ४४ च्या रेघेच्याही खाली संपतो. म्हणजे धोका पातळी ओलांडलेला दिवस बघणाऱ्याला धोक्याच्या आत वाटतो. हे ओळखायची युक्ती सोपी आहे: ज्याचा आकडा नक्की माहीत आहे असा एक स्तंभ घ्या, त्याच्या माथ्यावर आडवी पट्टी धरा आणि मोजपट्टीवर काय वाचता येतं ते बघा. मी सहकाऱ्याला हेच करायला लावलं. त्यानंतर थ्रीडीबद्दल त्याला काही सांगावं लागलं नाही.

यामागे नजरेचा अभ्यासही आहे. १९८४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी लोकांना वेगवेगळे आलेख दाखवून ते किती अचूक वाचतात हे तपासलं. एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस सगळ्यात अचूक वाचतो. नुसती लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ, तशी चूक वाढत जाते. पाण्याची पातळी ही मुळातच एका मोजपट्टीवरची जागा आहे. पुलावरच्या पट्टीवर आपण तीच वाचतो. मग कागदावर तिला घनाचं रूप देऊन अवघड का करायचं?

त्याच्या एक वर्ष आधी, १९८३ मध्ये, अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी आलेखातल्या अशा भरतीला 'चार्टजंक' असं नाव दिलं आणि जी शाई आकडा सांगत नाही ती खोडा, असा आग्रह धरला. तो आग्रह मला बराचसा मान्य आहे, पूर्ण नाही. कॅनडातल्या सस्कॅचवन विद्यापीठात २०१० मध्ये झालेल्या एका प्रयोगात चित्रांनी सजवलेले आलेख लोक साध्या आलेखांइतकेच बरोबर वाचत होते, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यातला विषय त्यांना जास्त आठवत होता. माणसं फक्त वीस होती, आणि ती चित्रं एका कसलेल्या चित्रकाराने विषयात गुंफून काढलेली होती. फोटो मागे चिकटवणं म्हणजे ते नव्हे. पण त्या प्रयोगामुळे पुलाचा फोटो टाकून द्या असं मी लिहिलं नाही. "फोटो आलेखाच्या मागून काढून शेजारी ठेवा. पूल ओळखीचा आहे, लोक पान उलटायचे थांबतील," असं लिहिलं.

बाकीचा अभिप्राय थोडक्यात असा. गडद निळी एक रेघ. ४० आणि ४५ या दोनच ठळक आडव्या रेघा, त्यांच्या उजव्या टोकाला 'इशारा' आणि 'धोका' हे शब्द. मोजपट्टीच्या फिकट रेघा दर दहा फुटांनी. सर्वोच्च दिवसावर आकडा, इतरत्र नाही. रंगांची यादी नको, कारण रंग उरणारच नाहीत. धोक्याची रेघ लाल ठेवा, पण तुटक काढा. ही पुस्तिका ग्रामपंचायतीत झेरॉक्स होऊन भिंतीवर लागणार, आणि झेरॉक्समध्ये लाल आणि निळा सारखेच काळपट होतात. जे गट पुराच्या दिवसांत रोज पातळी नोंदवतात त्यांच्या कोऱ्या तक्त्यावर मात्र दर फुटाची रेघ राहू द्या. तिथे माणूस बोट ठेवून मोजणार आहे, प्लेफेअरच्या पहिल्या वाचकांसारखा.

सहकाऱ्याची एक शंका होती. "नुसती रेघ बघून लोक म्हणतील, काम केलेलंच नाही." मी त्याला नव्या आलेखाची प्रत घेऊन खालच्या गल्लीत चार घरी जायला सांगितलं. लोकांनी पाणी धोक्याच्या वर कधी गेलं ते लगेच बोट ठेवून दाखवलं, आणि ते परत खाली कधी आलं यावर दोन घरांत वाद घातला. कच्च्या आलेखावर असा वाद घालताच आला नसता.

दुसऱ्या खर्ड्यात त्याने मी न सांगितलेली एक रेघ घातली होती: २००५ च्या पुराची सर्वोच्च पातळी, बारीक, राखाडी. त्या गल्लीतल्या एका घराच्या भिंतीवर २००५ ची खूण अजून आहे आणि तिथल्या आजी प्रत्येक पुराचं पाणी त्या खुणेशी ताडून सांगतात, असं तो म्हणाला. ती रेघ मी ठेवली.