वरपक्षाचे द्वारस्वागत (वडोदरा)

लग्नासाठी आलेला नवरदेव, त्याचे आईवडील व वऱ्हाडी यांना वधूपक्षाने कार्यालयाच्या दारात सामोरे जाऊन ओवाळण्याचा, पायांवर पाणी घालण्याचा आणि मानाने आत घेण्याचा विधी. वडोदऱ्यातील मराठी घरांत त्याचे स्वरूप पुण्या-नागपूरकडच्या प्रकारापेक्षा फारसे वेगळे नाही. वेगळेपण आहे ते शेजाराचे. याच शहरात गुजराती जानेचे, म्हणजे वऱ्हाडाचे, सामैयुं आणि पोंखणुं या रितींनी स्वागत होते, आणि मराठी-गुजराती सोयरिकी होत आल्याने दोन्ही रिती कधी कधी एकाच दारात, एकाच नवरदेवावर येतात.

या विधीचे मूळ कोणते, यावर एकमत नाही. वराचे शास्त्रोक्त स्वागत गृह्यसूत्रांत मधुपर्क या नावाने येते. पारस्कर गृह्यसूत्रात अर्घ्य देण्यास योग्य अशा सहा व्यक्ती सांगितल्या आहेत: आचार्य, ऋत्विज, वर, राजा, प्रिय व्यक्ती आणि वेदाध्ययन पुरे केलेला स्नातक. यजमानाने पाहुण्यासाठी आसन आणवून ‘साधु भवानास्ताम्, अर्चयिष्यामो भवन्तम्’ (आपण नीट बसावे, आम्ही आपली पूजा करू) असे म्हणावे. मग आसनासाठी दर्भाचा विष्टर, पाय धुण्याचे पाणी, अर्घ्य, आचमनाचे पाणी आणि शेवटी काशाच्या भांड्यात काशाच्याच झाकणाखाली दही, मध व तूप असे क्रमाने द्यावे. प्रत्येक वस्तू देताना तिसऱ्याच माणसाने तिचे नाव तीनदा उच्चारावे. पाय कोणता आधी धुवावा, याचाही नियम आहे: आधी डावा, मात्र पाहुणा ब्राह्मण असेल तर उजवा. आश्वलायन गृह्यसूत्राच्या यादीत ऋत्विज, स्नातक, राजा, आचार्य, सासरा, चुलता व मामा येतात. वराचे नाव तेथे स्वतंत्रपणे नाही. स्नातक या पदात तो धरायचा, असे मानून ऋग्वेदी घरांत मधुपर्क होतो.

या सूत्रांत सीमांतपूजन नावाचा विधी मात्र नाही. वर व त्याची मंडळी वधूच्या गावी पोचली की त्यांची पूजा करावी, हा प्रकार ठळकपणे दिसतो तो धर्मशास्त्राच्या उत्तरकालीन निबंधग्रंथांत: सतराव्या शतकातील अनंतदेवाच्या संस्कारकौस्तुभात आणि काशीनाथ उपाध्याय यांनी १७९०च्या सुमारास पुऱ्या केलेल्या धर्मसिंधूत. एका मतानुसार सीमांतपूजन म्हणजे मधुपर्काचेच पुढे सरकलेले रूप आहे. पाय धुणे, आसन देणे, वस्त्र देणे ही अंगे दोन्हींत सारखी आहेत, हा या मताचा आधार. दुसऱ्या मतानुसार शिवेवर पाहुण्याला अडवून, त्याच्यावरून काही ओवाळून टाकून मगच गावात घेण्याचा लोकाचार आधीपासून होता आणि निबंधकारांनी त्याला गणपतिपूजन, वरुणपूजन जोडून शास्त्रात जागा दिली.

दुसऱ्या मताकडे झुकावे असे एक कारण सूत्रातच सापडते. पारस्कराने अर्घ्यार्ह व्यक्तीची अशी पूजा वर्षातून एकदाच सांगितली आहे. यज्ञ करणाऱ्या ऋत्विजाला तेवढी सूट आहे. सीमांतपूजन हा मधुपर्काचाच अवतार असता, तर एकाच वराला संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी मंडपात पुन्हा तोच मान मिळाला नसता. प्रत्यक्षात दोन्ही होतात आणि कोणत्याही पुरोहिताला त्यात द्विरुक्ती वाटत नाही. शिवाय दारातल्या कृतींना मंत्र जवळजवळ नाहीत. त्या बायकांच्या हातच्या आहेत आणि गुरुजी त्या वेळी बहुधा आत चौरंग मांडत असतात.

शीव आता कार्यालयाच्या उंबऱ्यावर आली आहे. दोन्ही पक्ष एकाच शहरातले असले, किंवा सगळे वऱ्हाड थेट कार्यालयातच उतरणार असले, तर गावाच्या वेशीवर कोणी जात नाही. त्यामुळे पूर्वी वेगळे असलेले दोन प्रसंग एकापाठोपाठ होतात: दारातले ओवाळणे आणि आतले सीमांतपूजन. सीमांतपूजनाला बोलीत श्रीमंतपूजनही म्हणतात.

वडोदऱ्यात ही रीत गायकवाडी अमलाबरोबर स्थिरावली. दमाजी गायकवाडांनी १७३४मध्ये शहर घेतल्यानंतर देशावरून आणि कोकणातून मराठा सरदार, ब्राह्मण व कायस्थ प्रभू घराणी येथे येत गेली. रावपुरा, दांडिया बाजार या भागांतील मराठी वस्ती त्याच परंपरेतली. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात (१८७५–१९३९) विवाहविधीत राज्यानेच लक्ष घातले. १९०४चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सर्वपरिचित आहे. १९१५च्या सुमारास हिंदू पुरोहितांविषयीचा कायदा झाला आणि पुरोहिताने परीक्षा द्यावी, यजमानाला विधीचा अर्थ त्याच्या भाषेत सांगावा, अशी अपेक्षा पुढे आली. दारातला विधी या कक्षेबाहेरच राहिला, कारण त्याला पुरोहित लागत नाही.

आजचा क्रम साधारण असा असतो. वाजंत्री जवळ आली की वधूची आई, काकू, मामी आणि आणखी दोघी-तिघी सुवासिनी दारात येतात. एकीच्या हातात ताम्हण असते. त्यात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. दुसरीकडे तांब्याभर पाणी, त्यात असलेच तर थोडे दूध. तिसरीकडे भाकरीचे किंवा पोळीचे दोन तुकडे. नवरदेव पायऱ्यांशी थांबतो. वधूची आई त्याच्या व करवलीच्या पायांवर पाणी घालते, तुकडे त्याच्यावरून उतरवून उजवी-डावीकडे टाकते, मग कुंकू-अक्षता लावून आधी अंगठी व सुपारी आणि शेवटी निरांजन ओवाळते. काही घरांत नारळ ओवाळून फोडतात. तोंडात पेढा किंवा साखर घातली की नवरदेव उंबरा ओलांडतो. हेच पुन्हा वरमाईला, थोडक्यात. वऱ्हाडी मंडळींना अत्तर, गुलाबपाणी आणि फूल मिळते. पुरुषांची व्याहीभेट तेथेच होते: बाप बापाला, मामा मामाला, काका काकाला हार घालून गळाभेट. जोड्या आधी ठरवलेल्या नसतील तर एखादा मामा हार हातात धरून तसाच उभा राहतो, हे दृश्य नवे नाही.

शब्द मोजकेच असतात. ‘या, यावं मंडळींनी’, ‘प्रवास सुखाचा झाला ना?’, ‘विहीणबाई, जरा थांबा, पायांवर पाणी घालते.’ वरमाईने यावर ‘अहो, कशाला, राहू द्या’ म्हणायचे आणि तरीही पाय पुढे करायचा, हा संकेत दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. नाव घेण्याचा आग्रह येथे होतो, पण तो बहुतेक करवलीला आणि वधूच्या विवाहित बहिणीला. नवरदेवाला घास भरवताना उखाणा घ्यावा लागतोच, म्हणून दारात त्याला सोडतात. आत सीमांतपूजनात वधूपिता पाय धुतो व वधूमाता पाणी घालते. अनेक ब्राह्मण घरांत नव्या जावयाच्या आधी घरच्या ज्येष्ठ जावयाची पूजा होते. ती विसरली, तर पुढचे रुसवे नवऱ्या मुलाच्या बाजूने नव्हे, स्वतःच्याच घरातून येतात.

गुजराती स्वागताचा भाव निराळा. जान आली की वधूपक्षाच्या बायका कलश-नारळ घेऊन सामोऱ्या जातात, हे सामैयुं. दारात किंवा मंडपाच्या तोंडाशी सासू पोंखणुं करते. बोटभर लांबीची लाकडी अवजारे असतात: धूंसरी म्हणजे जू, सांबेलुं म्हणजे मुसळ, रवैयो म्हणजे रवी आणि त्राक म्हणजे चाती. पूजासाहित्याच्या दुकानात त्यांचा संच तयार मिळतो. सासू एकेक अवजार जावयावरून उतरवते, त्याचे नाक चिमटीत धरायला हात पुढे करते, आणि जावई डोके मागे घेतो. तोवर बायकांची फटाणां, म्हणजे वरपक्षाची थट्टा करणारी गाणी, चालू असतात. शेवटी दोन पणत्या तोंडाशी तोंड लावून लाल-पिवळ्या नाडाछडीने बांधलेले संपुट जमिनीवर ठेवतात. नवरदेव ते पायाखाली फोडून आत येतो. जू म्हणजे संसाराचा भार, रवी म्हणजे विचारमंथन असे अर्थ सांगितले जातात, ते बहुधा मागाहून जोडलेले असावेत. जू विवाहात फार जुने आहे खरे, पण आपस्तंब गृह्यसूत्रात त्याचे छिद्र वधूच्या डोक्यावर धरून वरून पाणी घालतात. पोंखणुंमध्ये तेच अवजार वरावर येते. या दोहोंत थेट नाते लावणे धाडसाचे ठरेल.

वधू मराठी आणि वर गुजराती असेल, तेव्हा गाठ पडते ती वधूच्या आईची. ज्याच्या पायांवर आता पाणी घातले, त्याचेच नाक लगेच कसे ओढायचे? वडोदऱ्यात यावर रुळलेली तोड अशी: आधी मराठी ओवाळणे आटोपतात, तांब्या-ताम्हण आत पाठवतात, आणि मग वधूची आई डोक्यावर पदर घेऊन पोंखणुं करते, अवजारांचा क्रम तिला एखादी गुजराती शेजारीण कानात सांगते. उलटा क्रम गैरसोयीचा, कारण संपुट फुटले की नवरदेव आत आलाच असे जानवाले धरतात आणि ओवाळण्यासाठी त्याला परत बाहेर कोणी काढू देत नाही. वधू गुजराती आणि वर मराठी असेल तर अडचण कमी. वरमाईच्या पायांवर पाणी घालण्याची गोष्ट मात्र आधी बोलून ठेवावी लागते. गुजराती घरात ती अपेक्षित नसते आणि वरमाई वाट पाहत उभी राहते.

जागेनेही विधी बदलला आहे. वाडीच्या किंवा जुन्या कार्यालयाच्या दाराला पायरी व उंबरा असतो. पार्टी प्लॉटला फुलांची कमान असते, उंबरा नसतो. मग कोठे थांबायचे, हे रांगोळी आणि पाट ठरवतात. उघड्यावर निरांजन टिकत नाही, म्हणून फुलवात खोल वाटीच्या निरांजनात तुपात बुडवून लावतात. गुळगुळीत फरशीवर दूध-पाण्याने घसरायला होते. आता पायांखाली परात ठेवतात आणि पाणी पळीने घालतात. संपुटाखाली जाड कापड घालून वरही रुमाल टाकला, तर चपला उतरवलेल्या पायाला खापरी लागत नाही. वऱ्हाड उशिरा आले आणि मुहूर्त जवळ असला, तर गळते ती व्याहीभेट व अत्तर. पायांवर पाणी आणि तुकडा सहसा कोणी सोडत नाही. यावरूनही दारातल्या विधीचा गाभा कोणता, याचा अंदाज येतो.

मराठा घरांत नवरदेवाला आधी मारुतीच्या दर्शनाला नेऊन तेथून वाजतगाजत मंडपी आणण्याची ग्रामीण रीत आहे; शहरात जवळच्या देवळापुरती ती उरते. ओवाळण्याचा मान सुवासिनींनाच, हा दंडक काही घरांनी सोडला असून वधूची विधवा आई किंवा आजीही ताम्हण हाती घेते. तशा वेळी पाण्याचा तांब्या बहुधा मामीकडे दिलेला असतो.