अंधेरीचा खडक आणि सूर्याचं वय

अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा बेसॉल्टचा सुळका सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा. एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राला विचारलं असतं, तर तेव्हा सूर्यच नव्हता. हेल्महोल्ट्झने 1854 मध्ये मांडलं की सूर्य स्वतःच्या वजनाने आकसतो आणि त्यातून तापतो. या हिशेबाने त्याचं वय निघत होतं दोन-तीन कोटी वर्षं. कोळशापेक्षा हे बरंच बरं, कारण सूर्याएवढा कोळसा पाचेक हजार वर्षांतच जळून संपला असता. पण खडक ऐकेनात.

वाट सापडली ती वजनात. 1920 मध्ये अ‍ॅस्टनने अणूंची नेमकी वस्तुमानं मोजली. हायड्रोजनचे चार अणू मिळून 4.03 भरतात, हेलियमचा एक अणू 4.00. म्हणजे सुमारे 0.7 टक्के वस्तुमान गायब. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना ते ऊर्जा होत असेल, असं एडिंग्टनने त्याच वर्षी सुचवलं. प्रत्यक्ष पायऱ्या 1938-39 मध्ये बेथे आणि क्रिचफील्ड यांच्या कामातून स्पष्ट होऊ लागल्या. दोन प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं, जुळतात आणि त्यांतला एक न्यूट्रॉन होतो. त्या जोडीला तिसरा प्रोटॉन मिळून हेलियम-3 बनतं. अशी दोन हेलियम-3 धडकली की हेलियम-4 तयार होतं आणि दोन प्रोटॉन परत सुटतात.

यातली पहिली पायरी विलक्षण रखडते. गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असूनही एका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं थांबावं लागतं. म्हणूनच सूर्य बॉम्बसारखा उडत नाही.

आता शिल्लक मोजू. सूर्याचं वस्तुमान 2×10³⁰ किलो. गाभ्याभोवतीचा थर उकळत्या पाण्यासारखा ढवळला जात नाही, त्यामुळे वरचा हायड्रोजन खाली पोचत नाही. कामी येतो जेमतेम दहावा हिस्सा, 2×10²⁹ किलो. त्याचे 0.7 टक्के म्हणजे 1.4×10²⁷ किलो. सूर्य दर सेकंदाला सुमारे 42 लाख टन वस्तुमान ऊर्जेत उधळतो, वर्षाला साधारण 1.3×10¹⁷ किलो. भागाकार येतो सुमारे 1000 कोटी वर्षं. त्यातली जवळपास 460 कोटी सरली आहेत.

म्हणजे पाचशे कोटी वर्षं निर्धास्त? तसं नाही. चार केंद्रकांचं एक झालं की गाभ्यातले कण घटतात आणि दाब कमी पडतो. मग गाभा आकसून आणखी तापतो आणि जळण्याचा वेग वाढतो. जन्मापासून सूर्य असाच उजळत आला आहे, दर शंभर कोटी वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी. हायड्रोजन संपल्यावर तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, पण वरळीसमोरचा समुद्र तोवर टिकणार नाही. आणखी शंभरेक कोटी वर्षांत एवढ्या उन्हाने सगळे महासागर वाफ होऊन जाऊ लागतील, आणि तेव्हाही सूर्याकडे वापरायचं बरंच जळण शिल्लक असेल.