आजचा प्रश्न: एमसीबी आणि शॉक

"दादा, खानापुरात आमच्या घरी फ्यूज काढून एमसीबी बसवलेत. आता शॉक लागला तर स्विच आपोआप पडेल ना?"

नाही ताई, पडणार नाही. हा गैरसमज बेळगाव, निपाणीकडेही घरोघरी आहे, आणि तो जिवावर बेतू शकतो. एमसीबी वायरिंगला जळण्यापासून वाचवतो. लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तरच तो पडतो.

हिशेब बघा. गिझरचा एमसीबी साधारण 16 अँपिअरचा असतो. ओल्या अंगातून 230 व्होल्टला पाव अँपिअरच्या आसपास करंट जातो. माणूस दगावायला तेवढा पुरेसा आहे, पण एमसीबीला तो जाणवतही नाही. अर्थिंग कमजोर असेल, समजा 50 ओहम, तर गिझरच्या पत्र्यात फेज उतरूनही जेमतेम साडेचार अँपिअर जमिनीत जातात. स्विच वरच राहतो आणि पत्रा तसाच जिवंत.

यासाठी आरसीसीबी लागतो, 30 मिलिअँपिअरचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, हे तो बघतो. फरक पडला की क्षणात सप्लाय तोडतो. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं, तर त्यालाही फरक दिसत नाही. ओव्हरलोड तो ओळखत नाही, म्हणून एमसीबी काढू नका. अर्थिंगही दुरुस्त करून घ्या.

बोर्डात 'टी' लिहिलेलं छोटं बटण आहे का बघा. नसेल तर तुमच्याकडे नुसते एमसीबीच आहेत. असेल तर महिन्यातून एकदा दाबा; स्विच पडला नाही, तर आरसीसीबी बदलायला झालाय.